दोन विभागांचा कारखाना: प्रकाशसंश्लेषणाच्या स्लाइड कशा वाचायच्या

कालच्या चाचणीत बऱ्याच जणांनी लिहिलं आहे, 'कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन बाहेर पडतो.' तुमच्याकडच्या चौदा स्लाइडमध्ये सगळी नावं आहेत, पण कुठली गोष्ट कुठे घडते हे डोळ्यांसमोर उभं राहत नाही, म्हणून ही गफलत होते. त्यासाठी हे लिहिते आहे. स्लाइड समोर ठेवा आणि सोबत वाचत चला.

आधी स्लाइड ३. केल्विन चक्राच्या शेजारी चंद्राचं चित्र आहे, ते पेनाने खोडा. प्रकाशसंश्लेषण हा दोन विभागांचा कारखाना समजा, केल्विन चक्र हा त्यातला दुसरा विभाग. त्या चित्रामुळे असं वाटतं की पहिला विभाग दिवसपाळीचा आणि दुसरा रात्रपाळीचा. तसं नाही. दोन्ही विभाग एकाच वेळी, दिवसाच चालतात. 'अंधार अभिक्रिया' हे जुनं नाव एवढंच सांगतं की दुसऱ्या विभागाच्या रासायनिक क्रियांना प्रकाशकण थेट लागत नाहीत. प्रत्यक्षात त्यातली काही विकरंसुद्धा प्रकाश असतानाच नीट जागी होतात. रात्री तोही विभाग थांबतो.

विभाग वेगळे ओळखायचे ते जागेवरून. स्लाइड ४ वरचं हरितलवक बघा. चकत्यांची चळत दिसते ना, ते थायलकॉइड. त्यांच्या पटलात पहिला विभाग बसवलेला आहे, त्याला आपण वीज विभाग म्हणू. चकत्यांभोवतीचा पातळ द्रव म्हणजे स्ट्रोमा. तिथे दुसरा, जोडणी विभाग. मध्ये भिंत फक्त एका पटलाची.

वीज विभागाचा कच्चा माल पाणी आणि प्रकाश. स्लाइड ५ वर फोटोसिस्टीम दोन आधी आणि एक नंतर का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नाहीत. काम दोनपासून सुरू होतं. प्रकाश पडला की तिथल्या हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन उसळतो आणि जागा रिकामी होते. ती भरायला पाणी फोडलं जातं:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

हे समीकरण दोनदा वाचा. डावीकडे कार्बनचं नाव नाही. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा. वीज विभागाला इलेक्ट्रॉन हवे असतात, ऑक्सिजन मागे उरतो आणि फाटकाबाहेर जातो. आपण श्वासात घेतो तो हाच. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शेवाळाला दिलं, तेव्हा बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. कार्बन डायऑक्साइड या विभागाच्या दारातही येत नाही.

सुटलेले इलेक्ट्रॉन पटलातल्या वाहकांवरून पुढे सरकतात, फोटोसिस्टीम एकमध्ये प्रकाशाचा दुसरा धक्का खातात आणि शेवटी एनएडीपीवर चढतात. ही झाली भरलेली हातगाडी, एनएडीपीएच. वाटेत त्यांच्या ऊर्जेवर प्रोटॉन चकतीच्या आत ढकलले जातात. आतला पीएच साधारण ५, बाहेर स्ट्रोमात ८. पीएचच्या एका अंकाला दहापट फरक, म्हणजे तीन अंकांना हजारपट गर्दी. त्या गर्दीला बाहेर पडायला मुख्य वाट एटीपी सिंथेजमधून. धरणाच्या पाण्याने चाक फिरावं तसं प्रोटॉन जाताना त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गोल फिरतो आणि एडीपीची एटीपी होते. ही चार्ज झालेली बॅटरी.

इथे एक प्रयोग मला फार आवडतो, तो स्लाइडमध्ये नाही. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरीबे यांनी थायलकॉइड आम्लात भिजवले आणि अंधारातच एकदम अल्कधर्मी द्रवात टाकले. प्रकाशाचा थेंबही नव्हता, तरी एटीपी तयार झाली. एटीपीसाठी थेट लागते ती प्रोटॉनची गर्दी. प्रकाशाचं काम ती गर्दी जमवण्याचं.

आता स्लाइड ८, जोडणी विभाग. पर्णरंध्रांतून आलेला कार्बन डायऑक्साइड इथे येतो. रुबिस्को नावाचं विकर त्याला आरयूबीपी या पाच कार्बनच्या रेणूवर बसवतं. सहा कार्बनचा जो रेणू होतो तो टिकत नाही, लगेच दोन तुकडे होतात: तीन-तीन कार्बनचे दोन पीजीए. रुबिस्को हा कारखान्यातला सर्वांत संथ कामगार, सेकंदाला जेमतेम काही रेणू. म्हणून वनस्पती असे कामगार प्रचंड संख्येने ठेवते.

हिशेब वहीत करा, पाठ करू नका. तीन कार्बन डायऑक्साइड आणि तीन आरयूबीपी, म्हणजे ३ + १५ = १८ कार्बन, म्हणजे सहा पीजीए. त्यांची शर्करा करायला सहा बॅटऱ्या आणि सहा हातगाड्या खर्च होतात. तयार होतात सहा जी३पी. पण पक्का माल म्हणून बाहेर जातो फक्त एक! उरलेले पाच, म्हणजे १५ कार्बन, पुन्हा तीन आरयूबीपी बांधण्यात जातात, आणि त्याला आणखी तीन बॅटऱ्या. एकूण ९ एटीपी, ६ एनएडीपीएच. ग्लुकोजइतक्या सहा कार्बनसाठी दुप्पट: १८ आणि १२. कारखान्याची उपमा इथे थोडी ताणली जाते, कारण कुठलाही कारखाना सहातले पाच नग मोडून आपलंच यंत्र पुन्हा उभारत नाही. पण 'चक्र' हा शब्द त्या पाचांसाठीच आहे.

स्लाइड ९ सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथलेच बाण तुम्ही सोडून देता. डावीकडून उजवीकडे एटीपी आणि एनएडीपीएच जातात, हे सगळ्यांनी लिहिलं. उजवीकडून डावीकडे एडीपी, फॉस्फेट आणि एनएडीपी परत येतात, हे मोजक्यांनीच. रिकाम्या हातगाड्या परत आल्या नाहीत, तर भर उन्हातही वीज विभागाला इलेक्ट्रॉन ठेवायला जागा मिळत नाही. दुसरा विभाग पहिल्यावर अवलंबून आहे तसाच पहिला दुसऱ्यावर.

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. केल्विन यांच्या गटाने किरणोत्सारी कार्बन देऊन शेवाळात प्रकाश अचानक बंद केला. पीजीए वाढलं आणि आरयूबीपी घटलं. का? रुबिस्को हातात असलेला माल जोडत राहिलं, पण पीजीए पुढे न्यायला बॅटऱ्या आणि हातगाड्या संपल्या, त्यामुळे आरयूबीपी पुन्हा बांधलं गेलं नाही.

आता उलटं करा. प्रकाश चालू ठेवा आणि कार्बन डायऑक्साइड तोडा. पीजीए आणि आरयूबीपी यांतलं कोण साचेल, कोण आटेल, आणि हातगाड्या कोणत्या विभागात अडकून पडतील? स्लाइड ९ वर पेन्सिलीने बाण काढून उद्या वर्गात आणा. नुसतं उत्तर नको, कारणही शेजारी लिहा.