वस्तीच्या सांस्कृतिक महोत्सवासाठी प्रायोजकत्वाची विनंती

प्रति,
महाल परिसरातील सर्व दुकानदार व व्यावसायिक, नागपूर

स.न.वि.वि.

कोजागिरीला लागून येणाऱ्या शनिवारी व रविवारी आमच्या वस्तीत दंडार, खडी गंमत आणि मुलांच्या नाटुकल्यांचा महोत्सव होणार असून, मंडप, ध्वनिव्यवस्था व कलावंतांचे मानधन यांचा खर्च केवळ घरोघरच्या वर्गणीतून भागत नाही. गेल्या वर्षी तर गळक्या मंडपाखाली ढोलकीवर छत्री धरून प्रयोग पार पाडावा लागला.

२५,००० रुपये देणाऱ्या मुख्य प्रायोजकाचे नाव कमानीवर व रंगमंचामागील फलकावर झळकेल, शिवाय दोन्ही दिवस विक्रीसाठी स्टॉल आणि पहिल्या रांगेत चार जागा मिळतील. १०,००० रुपयांसाठी मैदानात फलक व निवेदनात उल्लेख, तर ३,००० रुपयांसाठी कार्यक्रमपत्रिकेत नाव राहील. रोख रकमेऐवजी मसाला दूध किंवा तर्री-पोह्यांची सोय केल्यासही आनंदच आहे. प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल.

आपला होकार घटस्थापनेपूर्वी कळवावा, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव, महोत्सव समिती