प्रतिवादीची लेखी कैफियत व प्रतिदावा

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, कोल्हापूर यांचे न्यायालयात

वादी: शाहूपुरीतील गूळपेढी
प्रतिवादी: करवीर तालुक्यातील गुऱ्हाळचालक

प्राथमिक हरकती: वादी भागीदारी पेढी नोंदणीकृत नाही, भागीदारी अधिनियम 1932, कलम 69(2) ची बाधा येते. वादीने मागितलेले रु. 90,000 चे कथित हातउसने 10 एप्रिल 2022 चे, दावा 15 सप्टेंबर 2025 चा, म्हणजे मुदतबाह्य. आदेश 7 नियम 11 अन्वये वादपत्र नामंजूर व्हावे.

वादपत्र कलम 3: प्रतिवादीने रु. 90,000 घेतल्याचा मजकूर खोटा व नाकबूल. पावती नाही, साक्षीदार नाही. एवढी रक्कम तोंडी देणारी पेढी विरळाच.

प्रतिदावा, आदेश 8 नियम 6अ: 20 जानेवारी 2024 रोजी वादीने गुळाचे 30 किलोचे 60 रवे, रु. 42 किलोने नेले. रु. 75,600 येणे आहे. ते व्याज व खर्चासह मिळावे. कोर्ट फी भरली आहे.

सत्यापन: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

प्रतिवादी