येत्या सोमवारपासून माझ्या कामाचे वार ठरलेत, सगळ्यांनी वाचा

सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, मेडिकल, बिलिंग, लॅब, सगळ्यांना नमस्कार. मेसेज मोठा आहे, ड्युटी संपल्यावर निवांत वाचा पण वाचा नक्की, कारण सोमवारपासून माझ्याकडे कुठलं काम कुठल्या वारी आणायचं ते यात आहे.

आधी हे का करतेय ते सांगते. मागच्या बुधवारी जतकडच्या एका आजींचा डिस्चार्ज सरांनी सकाळी साडेदहाला लिहिला, फाईल माझ्या टेबलावर सहीला आली आणि मी खाली स्टोअरला सलाईनचे बॉक्स मोजत होते, तिथून लिफ्टवाल्याचा फोन, मग बँकेचा, मग रजेचा अर्ज घेऊन दोघी आल्या, मग योजनेच्या फाईलवर क्वेरी आली म्हणून कॉम्प्युटरपुढे बसले. आजी अडीचला निघाल्या. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या, मी दिसल्यावर विचारलं, "बाई, अजून काय राहिलंय का?" काहीच राहिलं नव्हतं, फक्त माझी एक सही राहिली होती. त्यांची एसटी गेली, पुढची मिळेपर्यंत संध्याकाळ. ते मला अजून लागून राहिलंय. तीस बेडचं हॉस्पिटल आहे आपलं, मिरजेत लोक अथणी, जत, पंढरपूर इतक्या लांबून येतात, त्यांचा एक तास म्हणजे कधीकधी अख्खा दिवस असतो.

म्हणून सरांशी बोलून असं ठरवलंय की रोज साडेअकरा ते दीड मी एकाच प्रकारचं काम करणार, वाराप्रमाणे. बाकी वेळ राउंड, पेशंट, नातेवाईक, जे येईल ते. आणि डिस्चार्जची सही आता बिलिंग इन्चार्जताई पण करतील, सरांनी तसं लेखी दिलंय, त्यामुळे डिस्चार्जला कुठलाच वार नाही, तो कधीही, लगेच.

सोमवार : फ्लोअर. सोमवारी ओपीडीला पाय ठेवायला जागा नसते, रविवारची अडलेली माणसं सगळी त्या दिवशी येतात, त्यामुळे कागद घेऊन माझ्याकडे सोमवारी कुणीच येऊ नका. मी केबिनमध्ये नसेनच. रिसेप्शन, ओपीडी, वॉर्ड असं फिरणार. कन्नड बोलणारे पेशंट आले की वॉर्डच्या आपल्या मावशींना हाक मारा, त्या समजावून सांगतात तसं आपल्या कुणालाच जमत नाही, आणि सोमवारी त्यांना दुसऱ्या कामाला पाठवायचं नाही हे मी फ्लोअर इन्चार्जना सांगितलंय.

मंगळवार : योजना आणि कॅशलेस. महात्मा फुले योजनेच्या आणि इन्शुरन्सच्या सगळ्या फाईली त्या दोन तासात. क्वेरी रोज येतात, रोज बघायच्याच, साधी असेल तर बिलिंगवाल्यांनी त्याच दिवशी उत्तर टाकायचं, पण अडकलेली, डॉक्टरांची नोट लागणारी, रिपोर्ट न जुळणारी फाईल मंगळवारी माझ्यासमोर. रिजेक्ट झालेल्या मागच्या फाईली मी बसून बघितल्या, त्यात आजार किंवा उपचाराचा वाद क्वचित होता, बहुतेक ठिकाणी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं, नाहीतर ऑपरेशन नोटवर तारीखच नाही. तेव्हा ॲडमिशनलाच दोन्ही कार्डं शेजारी ठेवून नाव अक्षर अन् अक्षर वाचा. पेशंट बरा होऊन घरी गेल्यावर कागदासाठी त्याला परत बोलवायला मला अजिबात आवडत नाही.

बुधवार : खरेदी, मेडिकल, स्टोअर. औषध कंपन्यांचे लोक, सर्जिकलवाले, सगळे बुधवारीच भेटतील, इतर दिवशी रिसेप्शनने कार्ड घेऊन ठेवायचं. तीन महिन्यांत एक्स्पायर होणारा माल वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवा, परतीचं तेव्हाच बघू. फ्रिजचं तापमान 2 ते 8 च्या मध्ये असल्याची नोंद रोज दोनदा, ती वही मी बुधवारी बघणार.

गुरुवार : बिल्डिंग आणि मशीन. हा वार मी जरा जास्त मनावर घेतलाय, कारण या कामाला कुणी ओरडत नाही म्हणून ते नेहमी मागे पडतं आणि ओरडायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. ऑक्सिजनच्या दोन्ही बँका, चालू आणि राखीव, मामांबरोबर मी स्वतः बघणार, राखीव बँकेचं प्रेशर नुसतं वहीत लिहिलेलं नको, गेजवर बघायचं. जनरेटर दहा मिनिटं लोडवर. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का. जानेवारी आणि जुलैत फायरचा फॉर्म बी द्यायचा असतो, तो गुरुवारीच तयार होईल. आणि कचरा. पिवळ्या पिशवीत ड्रेसिंग, लाल पिशवीत आयव्ही सेट आणि नळ्या, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. मागच्या महिन्यात लाल पिशवीतून सुई बाहेर आली आणि मावशींच्या हाताला लागली. त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत त्या घरी नीट जेवल्या नाहीत. ज्यानं सुई टाकली त्याचं नाव मला नकोय, पण सुई वापरणाऱ्यानंच ती पांढऱ्या डब्यात टाकायची, ट्रेमध्ये ठेवून जायचं नाही. पिशव्या 48 तासांच्या वर आपल्याकडे राहता कामा नयेत, गाडी आली नाही तर मला त्याच दिवशी फोन, गुरुवारची वाट बघू नका.

जुलै-ऑगस्टला गुरुवारी पुराचं पण बघायचं. 2019 आपण सगळ्यांनी पाहिलंय. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, आपण 40 ची वाट न बघता डिझेल, ऑक्सिजन, किराणा भरून घ्यायचा आणि सांगलीवाडी, हरिपूरकडून येणाऱ्या स्टाफची राहायची सोय इकडे करायची.

शुक्रवार : तुमचा वार. ड्युटी लिस्ट, रजा, ॲडव्हान्स, तक्रार, ट्रेनिंग. पुढच्या आठवड्याची ड्युटी लिस्ट शुक्रवारी संध्याकाळी पाचला लागेल म्हणजे लागेल. रजा आधी माहीत असेल तर गुरुवारपर्यंत लिहून द्या. घरी कुणी आजारी, अचानक काही झालं, तर वार बघायचा नाही, सरळ फोन करा.

शनिवार : हिशेब. व्हाउचर, डॉक्टरांचं पेमेंट, सप्लायरची बिलं.

तारखेची कामं मात्र वारात बसत नाहीत. टीडीएस 7 ला, पीएफ आणि ईएसआय 15 ला, ते ज्या वारी येईल त्याच्या दोन दिवस आधी मी अर्धा तास काढणार, अकाउंटदादांनी आठवण करायची. इमर्जन्सी आली तर त्या दिवशीचं काम त्याच आठवड्यात संध्याकाळी साडेचार ते साडेपाच उरकेन, पुढच्या आठवड्यावर ढकलणार नाही.

आणि मामा पहिल्याच गुरुवारी साडेअकराला जनरेटर लोडवर घेणार आहेत, तेव्हा लाईट काही सेकंद जाईल. आयसीयू सिस्टर, बुधवारी रात्रीच यूपीएस तपासून ठेवा, आणि ओटीला त्या वेळी केस लावू नका, मी सरांना विचारून ठेवलंय.