विषय: शिफ्ट बदलताना अडकणारे निरोप – विभागाची बैठक, बुधवार ११ मार्च, दुपारी ३:४०

प्रति: मेंटेनन्स विभाग, प्लांट २, भोसरी – तिन्ही शिफ्टचे टेक्निशियन, इंजिनिअर आणि अॅप्रेंटिस

नमस्कार,

बुधवार, ११ मार्च २०२६ रोजी दुपारी ३:४० ते ५:०० या वेळेत स्टोअरच्या वरच्या ट्रेनिंग रूममध्ये आपल्या विभागाची बैठक ठेवली आहे. जुने आणि नवे, दोघांनीही यायचं आहे. एकाच बाजूची माणसं आली तर बैठकीचा काही उपयोग नाही, कारण विषयच दोघांमधला आहे: एका शिफ्टला कळलेली गोष्ट दुसऱ्या शिफ्टपर्यंत का पोचत नाही.

एचपी-०७ चं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते दोन वेगवेगळ्या गोष्टींसारखं सांगितलं जातंय, म्हणून एकदा सरळ मांडते. फर्स्ट शिफ्टला मेन सिलिंडरचा होज पाझरताना दिसला. स्टोअरमध्ये त्या साइजचा होज नव्हता. म्हणून प्रेशर २०० बारवरून १६० वर आणलं आणि ऑपरेटरला सांगितलं, ‘उद्या होज येईल, तोवर एवढ्यावरच चालवा.’ त्या वेळी चालू असलेल्या जॉबला १६० पुरत होतं, त्यामुळे निर्णय चुकीचा नव्हता. सेकंड शिफ्टला जॉब बदलला, ऑपरेटरही बदलला. नव्या जॉबचा फॉर्म पूर्ण येईना. इंजिनिअरने गेज पाहिला, सेटिंग शीटशी ताडून बघितला आणि प्रेशर पुन्हा २०० केलं. शीटप्रमाणे तेही बरोबरच होतं. रात्री दहाच्या सुमारास होज फुटला.

मशीन साडेपाच तास बंद राहिलं, तेल पार गँगवेपर्यंत गेलं. ऑपरेटर नेमका पाणी प्यायला गेला होता, म्हणून फक्त फरशी पुसून भागलं. त्या प्रेशरचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखी जखम दिसते आणि आतून हात जातो. हे जुन्यांना ठाऊक आहे. नव्यांनी ते निदान सेफ्टी ट्रेनिंगमध्ये तरी ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दोन वाक्यं फिरत होती. एक, ‘सांगितलं होतं की!’ दुसरं, ‘ग्रुपवर काहीच नव्हतं.’ दोन्ही खरी आहेत. शिफ्ट रजिस्टरमध्ये त्या दिवशी दोन्ही शिफ्टचा शेरा एकच होता: ‘सर्व मशीन ओके.’

याच्या उलटंही घडतं. रात्री पावणेबाराला एका मशीनच्या पीएलसीमध्ये टायमर वाढवला जातो आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो, खाली इंग्रजीत एक ओळ. सकाळी सातला जे मामा त्या मशीनवर उभे राहणार, त्यांचा फोन लॉकरमध्ये असतो, कारण शॉप फ्लोअरवर फोन न्यायचा नाही असा आपला नियम आहे. नियम बरोबरच आहे. पण फोन लॉकरमध्ये आणि निरोप फोनमध्ये, हे एकत्र कसं चालणार? मामा दोन तास सेन्सर तपासत बसतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘मामा ग्रुप बघत नाहीत.’

मला यात वयाचा वाद दिसत नाही. काहीजण निरोप तोंडी देतात आणि तो डोक्यात ठेवतात, काहीजण तो फोनमध्ये टाकतात. मधल्या रजिस्टरकडे दोघांनीही पाठ फिरवलेली आहे. ‘आजकालच्या पोरांना शिस्त नाही’ आणि ‘सीनियर लोक काही शेअरच करत नाहीत’ ही दोन वाक्यं मी आता पुरेशी ऐकली आहेत. बैठकीत ती नकोत. त्याऐवजी, कुठला निरोप कुठे अडकला एवढंच बोलू.

प्रत्येकाने एक उदाहरण आठवून यायचं आहे. तुमच्यापर्यंत न पोचलेला निरोप, किंवा पोचला पण तुम्ही भलताच अर्थ घेतला असा. मशीन कुठलं, काम काय होतं, निरोप कुठे दिला गेला, हे सांगा. माणसाचं नाव सांगायची गरज नाही. (नाव न घेताही सगळ्यांना कळणारच, पण न घेतलेलं बरं.)

काही मुद्दे माझ्याकडे आधीच जमा झाले आहेत. ग्रुपवरच्या अंगठ्याचं बघा. नवी मंडळी अंगठा टाकतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, ‘वाचलं.’ जुनी मंडळी तो पाहून समजतात, ‘काम झालं.’ जानेवारीत कूलंट पंपाच्या बाबतीत हेच झालं आणि पंप दोन दिवस तसाच राहिला. मशीनच्या नावांचंही तसंच. आपल्याकडे ‘जर्मनवाली’, ‘म्हातारी’ आणि ‘कोपऱ्यातली’ अशी तीन मशीन आहेत. सिस्टीममध्ये या नावांचं एकही मशीन नाही. नव्या मुलाला ‘म्हातारीचा पंप बघ’ असं सांगितलं तर तो कुठे जाणार? आणि त्याने ‘एसीएम-१२ ला अलार्म आहे’ असं ओरडून सांगितलं, तर पंचवीस वर्षं त्याच मशीनवर काम केलेला माणूस कोणतं मशीन म्हणून इकडे तिकडे बघतो. मला ती जुनी नावं आवडतात, घालवायची नाहीत. पण प्रत्येक मशीनवर दोन्ही नावांची पाटी लावता येईल का, हे ठरवू. रजिस्टरमधल्या अक्षराबद्दलही तक्रारी आल्या आहेत, दोन्ही बाजूंनी. त्यावर फार वेळ घालवणार नाही.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. व्हेंडर समोर असताना ‘ए पोरा, पाना आण’ म्हटलेलं डिप्लोमा करून आलेल्या मुलाला लागतं. त्याने तसं मला सांगितलं, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. तसंच, नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ‘काका अर्जंट चेक करा’ असा मेसेज आला की काकांना ती ऑर्डर वाटते. वयाने निम्म्या माणसाची ऑर्डर. तेही पटतं. कोणी कोणाला काय म्हणायचं याचा नियम मी करणार नाही. फक्त हे एकमेकांसमोर एकदा बोललं जावं. आजवर दोघंही ते मलाच सांगत आले आहेत. मी वयाने मधली आहे, त्यामुळे मला ताई म्हणणारे आणि मॅडम म्हणणारे, दोघंही हक्काने तक्रार आणतात.

आपल्यातल्या काहींना मराठी वाचायला अवघड जातं. त्यांच्यासाठी हाच मजकूर हिंदीत बोर्डावर लावला आहे. बैठकीत मराठी-हिंदी जसं जमेल तसं बोलू.

सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं एक प्रकरण इथे सांगते, कारण ते आपल्याच कामाचं आहे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळपर्यंत पूर्ण झालं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा व्हॉल्व्ह काढलेला आहे हे माहीत नसल्याने रात्रपाळीने तोच पहिला पंप चालू केला. व्हॉल्व्ह काढल्याची नोंद कागदावर झालेली होती. ती रात्रपाळीच्या माणसांपर्यंत गेली नव्हती. आपला प्लांट त्या मानाने लहान आहे. पण १६० बारचा निरोप आणि त्या झाकणाचा निरोप एकाच जातीचे आहेत: ‘तात्पुरतं केलंय, लक्षात ठेवा.’

म्हणून बैठकीतला जास्तीत जास्त वेळ मला याच गोष्टीला द्यायचा आहे. माझा प्रस्ताव असा: रजिस्टरमध्ये ‘तात्पुरतं काय केलं’ असा एक वेगळा रकाना असावा आणि तो रिकामा सोडता येऊ नये. काही नसेल तर ‘नाही’ लिहून सही करायची. शिवाय अशा मशीनवर पिवळा टॅग लावायचा, आणि टॅग असेल तर शिफ्ट बदलताना दोघांनी मशीनसमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, फोनवर नाही. ग्रुप चालू राहील, पण ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं धरायचं नाही. यातलं काय जमेल आणि काय चार दिवसांत बंद पडेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल. विशेषतः ती दहा मिनिटं कुठून काढायची, यावर मला स्पष्ट बोलणारी माणसं हवी आहेत.

आणखी एक गोष्ट. पुढच्या दोन वर्षांत आपले तीन सीनियर टेक्निशियन रिटायर होत आहेत. कुठल्या प्रेसचा कुठला आवाज म्हणजे काय, हे त्यांना कळतं आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. फोनवर व्हिडिओ करून ठेवायची कल्पना अॅप्रेंटिस मुलांनी मांडली आहे. मला ती चांगली वाटते, पण कॅमेऱ्यासमोर बोलायला त्या तिघांपैकी कोण तयार आहे, हे त्यांनाच विचारायला हवं. अर्धा दिवस सोबत काम करत शिकणं त्यांना सोयीचं वाटत असेल, तर तसं करू. आधी प्लांट हेडची फ्लोअरवर कॅमेरा वापरायची परवानगीही लागेल, ती मी मागितली आहे.

बैठकीत पीपीटी नाही, रेकॉर्डिंग नाही. एचआरचं कोणी नसेल. प्लांट हेड शेवटची पंधरा मिनिटं येतील, तेही आपण काय ठरवलं ते ऐकायला. पहिल्यांदा नवे बोलतील, नंतर जुने. असं का, ते सीनियर मंडळींना कळलंच असेल: तुम्ही आधी बोललात की मुलं गप्प बसतात.

आता व्यवस्थेचं. फर्स्ट शिफ्टच्या लोकांना थांबावं लागेल, तो वेळ ओव्हरटाइममध्ये धरला जाईल. सेकंड शिफ्टने पंचिंग करून सरळ वर यायचं. तेवढ्या वेळात ब्रेकडाउन आला तर प्लांट १ चे दोन टेक्निशियन फ्लोअरवर असतील. त्या आठवड्यात ज्यांची थर्ड शिफ्ट आहे, त्यांची झोपमोड करून मी बोलावणार नाही. त्यांच्यासाठी मी त्याच रात्री ११:३० ला येईन आणि रजिस्टरच्या टेबलापाशीच बसू. चहा आणि कांदाभजी कँटीनकडून येतील. दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी आहे, त्यामुळे कोणाला पहाटे उठायची घाई नसावी. पुढच्या बुधवारी ठेवली असती तर पाडव्यासाठी निम्मी मंडळी दुपारीच गावाकडे निघाली असती.

येणार की नाही, हे सोमवार, ९ मार्चपर्यंत कळवा. ईमेलला उत्तर देऊ शकता. मला भेटून किंवा फोनवर सांगितलं तरी चालेल. बोर्डावर नावांची यादी लावली आहे, तिथे सही केली तरी पुरे. अनेकांकडे कंपनीचा ईमेल नाही, म्हणून हे पत्र छापून रजिस्टरमध्येही ठेवलं आहे आणि आज-उद्या प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला वाचून दाखवलं जाईल.

वैशाली कदम
टीम लीडर, मेंटेनन्स, प्लांट २

ता. क. – कंपनीची ३:४५ ची बस त्या दिवशी नेहमीप्रमाणे सुटेल. थांबणाऱ्यांसाठी ५:१५ ला आणखी दोन गाड्या आहेत: एक आळंदीकडे, एक चाकणकडे. कोण कुठल्या गाडीने जाणार, ते सहीसमोर लिहा.