नव्या क्वाडकॉप्टरची उड्डाणपूर्व तपासणी आणि पहिल्या हॉवर चाचणीची कार्यपद्धती

यंत्र: चार मोटरींचे, X रचनेचे क्वाडकॉप्टर, १३ इंची पंखे, ६ सेलची ८००० एमएएच लिथियम पॉलिमर बॅटरी, बॅटरीसह वजन २.९ किलोग्रॅम, नियंत्रकावर आर्डुकॉप्टर ४.५. मोटर-उत्पादकाच्या तक्त्यानुसार एकूण कमाल उचल सुमारे ७ किलोग्रॅम आहे, म्हणून हॉवरसाठी कमाल उचलीच्या साधारण ४० टक्के जोर आणि सुमारे १५ अँपियर प्रवाह अपेक्षित धरला आहे.

चाचणीला दोन माणसे लागतात. वैमानिक रेडिओ हाताळेल आणि नजर यंत्रावरच ठेवेल. निरीक्षक यादी मोठ्याने वाचेल, टेलिमेट्रीवरचा व्होल्टेज आणि वेळ सांगत राहील आणि वाऱ्याकडे लक्ष देईल. दोघांपैकी कोणीही "थांबा" म्हटले की कारण न विचारता यंत्र उतरवायचे. कारणाची चर्चा बॅटरी काढल्यानंतर करायची. या चाचणीतून स्वच्छ लॉग आणि शाबूत यंत्र हाती येणे पुरेसे आहे, त्यामुळे पाहुण्यांना दाखवण्याचे उड्डाण त्याच दिवशी ठेवू नये.

वाऱ्याची मर्यादा

हातातल्या वायुवेगमापकाने दोन मीटर उंचीवर सलग तीन मिनिटे वेग मोजावा आणि सरासरी व सर्वांत मोठा झोत असे दोन्ही आकडे नोंदवावेत. सरासरी ३ मीटर प्रति सेकंदापेक्षा किंवा झोत ५ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त असेल तर चाचणी होणार नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३ वरून ५ वर गेलेला झोत यंत्राला जवळपास पावणेतीन पट जोराने ढकलतो. ज्या यंत्राचे ट्यूनिंग अजून तपासलेले नाही, त्याला हा फरक झेपेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय उंचीबरोबर वेग वाढतो. मोकळ्या मैदानावर दोन मीटरवर ३ मिळाले तर दहा मीटरवर साधारण पावणेचार असतात. इमारत किंवा झाडांच्या रांगेमागची शांत जागा निवडण्याचा मोह टाळावा, कारण तिथला वारा मंद असला तरी भोवरेदार असतो आणि मापकावर तो दिसत नाही.

उड्डाणाची जागा वैमानिकापासून किमान दहा मीटर अंतरावर, वारा पाठीवर घेऊन उभे राहिल्यावर समोर येईल अशी ठेवावी. म्हणजे यंत्र वाहून गेले तरी माणसांपासून दूर जाईल. वाऱ्याच्या दिशेला पुढे किमान चाळीस मीटर मोकळी जमीन हवी. पुढच्या काळात अंतरावरची उड्डाणे सुरू होतील तेव्हा हा क्रम उलटतो: तिथे आधी वाऱ्याविरुद्ध जायचे आणि वाऱ्याबरोबर परत यायचे. हवेतला वेग ८ आणि वारा ५ मीटर प्रति सेकंद असेल, तर निवांत हवेत तीस सेकंदांत होणारा २४० मीटरचा परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध ऐंशी सेकंद घेतो, आणि हे पन्नास सेकंद बॅटरीच्या शेवटच्या, सर्वांत अशक्त भागातून द्यावे लागतात.

बॅटरीची मर्यादा

चाचणीसाठी पूर्ण भरलेलाच पॅक वापरावा: विश्रांतीत किमान २५.० व्होल्ट, सेलमधला फरक ०.०३ व्होल्टपेक्षा कमी, पॅक हाताला गार लागणार नाही असा, आणि कुठेही फुगवटा नसलेला. हॉवरमध्ये सहा मिनिटांत सुमारे १५०० एमएएच खर्च होतील, आणि पहिल्या दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. एरवी क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत जाणे मान्य असले, तरी प्रवाहमापक अजून पडताळलेला नसल्यामुळे त्याच्या आकड्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

नियंत्रकात पुढील मूल्ये भरावीत आणि भरल्यानंतर पुन्हा वाचून खात्री करावी.

```
BATT_CAPACITY    8000
BATT_ARM_VOLT    24.0
BATT_LOW_VOLT    21.6
BATT_CRT_VOLT    21.0
BATT_LOW_MAH     4000
BATT_FS_LOW_ACT  1
BATT_FS_CRT_ACT  1
FS_THR_ENABLE    3
FENCE_ENABLE     1
FENCE_ACTION     2
FENCE_ALT_MAX    20
FENCE_RADIUS     30
ARMING_CHECK     1
```

यातली प्रत्येक फेलसेफ कृती मुद्दाम जागच्या जागी उतरण्याची ठेवली आहे. घरी परतण्याची कृती ठेवली तर दीड मीटरवर हॉवर करणारे यंत्र सिग्नल तुटताच आधी परतीच्या ठरलेल्या उंचीकडे, म्हणजे मूळ मूल्यानुसार पंधरा मीटरपर्यंत चढू शकते, आणि न तपासलेल्या यंत्राने नेमके तेच करायला नको असते. या चाचण्या पार पडल्यावरच ती कृती बदलावी.

उरलेल्या एमएएचचा हिशेब नियंत्रक बॅटरी जोडल्यापासून सुरू करतो आणि ती भरलेली आहे असे धरूनच चालतो. दोन टप्प्यांमध्ये बॅटरी काढली की ही मोजणी शून्यावर येते, म्हणून प्रत्येक टप्प्याचा खर्च निरीक्षकाने वहीत लिहून बेरीज करावी. वापरलेला पॅक चुकून भरलेला समजून जोडला गेला, तर किमान त्याला आर्मिंगच्या वेळी अडवता यावे, यासाठी BATT_ARM_VOLT आहे.

पंखे काढलेले असताना, टेबलावर

१. चारही हातांचे बिजागर आणि मोटरींचे स्क्रू घट्ट आहेत, आणि स्क्रूचे टोक मोटरीच्या गुंडाळीला टेकत नाही.

२. बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने मुख्य कनेक्टरमध्ये शॉर्ट नाही याची खात्री झाली आहे.

३. बॅटरी पट्ट्याने बांधल्यावर यंत्राचा गुरुत्वमध्य दोन्ही अक्षांवर मध्यभागी येतो. बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे-मागे झाली तरी पुढच्या आणि मागच्या मोटरींवरचा भार वेगळा होतो आणि लॉगमध्ये तो ट्यूनिंगचा दोष असल्यासारखा दिसतो, म्हणून पट्ट्याची जागा मार्करने आखून ठेवावी.

४. टेलिमेट्रीचा व्होल्टेज आणि मल्टिमीटरचा व्होल्टेज यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नाही.

५. मोटर चाचणीत A, B, C, D या क्रमाने अनुक्रमे पुढची उजवी, मागची उजवी, मागची डावी आणि पुढची डावी मोटर फिरते. वरून पाहताना A आणि C घड्याळाच्या उलट, B आणि D घड्याळाच्या दिशेने फिरतात. उड्डाण सुरू होताच यंत्र उलटते तेव्हा कारण बहुतेक वेळा याच ओळीत किंवा उलट लावलेल्या पंख्यात सापडते, त्यामुळे ही ओळ दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी.

६. यंत्र हाताने पुढे वाकवले, उजवीकडे कलवले आणि वळवले असता पडद्यावरचे क्षितिज व दिशा त्याप्रमाणेच बदलतात.

७. पंखे नसताना, उपग्रहस्थान मिळाल्यावर Stabilize मध्ये आर्म करून थ्रॉटल थोडा वर ठेवून ट्रान्समीटर बंद केला, आणि पडद्यावर मोड बदलून Land झाला. थ्रॉटल शून्यावर ठेवून ही तपासणी केली तर मोटरी लगेच बंद होतात आणि फेलसेफची कृती दिसत नाही.

८. मोड बदलण्याचा स्विच आणि मोटरी तत्काळ बंद करण्याचा स्विच दोन्ही वैमानिकाला न पाहता सापडतात.

मैदानावर, पंखे लावल्यानंतर

पंखे मैदानावरच लावावेत. प्रत्येक पंख्याच्या कडेवरून बोट फिरवून चीर नाही हे पाहावे, त्याची दिशा मोटरीच्या दिशेशी जुळवावी आणि नट हाताने पुन्हा ओढून पाहावा. अँटेना, वायर किंवा पट्ट्याचे मोकळे टोक पंख्यांच्या वर्तुळात येऊ नये. यंत्र सपाट जमिनीवर, गवतापासून दूर ठेवून बॅटरी जोडावी आणि नियंत्रक सुरू होईपर्यंत त्याला हात लावू नये. त्यानंतर निरीक्षकाने विचारावे आणि वैमानिकाने उत्तर द्यावे: उपग्रहस्थान पक्के आहे का, HDOP १.४ च्या आत आहे का, कंपासची दिशा प्रत्यक्ष दिशेशी जुळते का, वारा पुन्हा मोजला का, व्होल्टेज किती, वहीतली खर्चाची बेरीज किती, तीस मीटरच्या आत तिसरे कोणी आहे का. FENCE_ENABLE ने आभासी कुंपण सुरू असल्यामुळे स्थान मिळेपर्यंत नियंत्रक कोणत्याही मोडमध्ये आर्म होऊ देणार नाही. तो अडथळा मानून तपासणी बंद करू नये.

पहिला टप्पा: Stabilize, तीस सेकंद

आर्म करून पाच सेकंद मोटरींचा आवाज ऐकावा. थ्रॉटल सावकाश पण न थबकता वाढवून यंत्र दीड मीटरवर न्यावे, कारण जमिनीलगत पंख्यांची हवा परत वर उसळते आणि यंत्र डळमळते. त्या उंचीत रेंगाळून यंत्राच्या स्थैर्याबद्दल मत बनवू नये. जमीन सोडतानाच ते एका बाजूला जोराने कलत असेल तर थ्रॉटल खाली घेऊन मोटरी बंद कराव्यात, हवेत सावरण्याचा प्रयत्न करू नये. वाऱ्याबरोबर हळू वाहणे या मोडमध्ये अपेक्षित आहे. जलद थरथर अपेक्षित नाही.

उचल घेताना व्होल्टेज विश्रांतीच्या आकड्यापेक्षा एक व्होल्टहून अधिक खाली गेला तर उतरावे. १५ अँपियरवर एवढी घसरण म्हणजे पॅक आणि वायरींचा एकूण रोध सुमारे ६५ मिलिओहम झाला. निरोगी पॅकला एवढा रोध नसतो, तेव्हा पॅक जुना आहे किंवा एखादा सांधा कच्चा आहे.

उतरल्यावर डिसआर्म करून बॅटरी काढावी आणि मगच मोटरींना बोट लावावे. चारही साधारण सारख्याच कोमट असाव्यात. एखादीवर बोट दोन सेकंदही ठेववत नसेल तर चाचणी तिथेच संपते. त्यानंतर लॉग उतरवून VIBE मधील VibeX, VibeY, VibeZ ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली आणि Clip शून्य आहे हे पाहावे. ही पायरी घाईत गाळली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि पुढचा टप्पा पूर्णपणे तिच्यावरच उभा आहे: AltHold उंचीसाठी त्वरणमापकावर विसंबतो, आणि कंपन खूप असेल तर यंत्र आदेश नसताना वर चढत जाऊ शकते. RCOU मध्ये चारही मोटरींचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. कर्णावर समोरासमोर असलेली एक जोडी दुसरीपेक्षा सातत्याने वर असेल तर एखादी मोटर तिरपी बसली आहे.

दुसरा टप्पा: AltHold, एक मिनिट

उड्डाण Stabilize मध्येच करून दोन मीटरवर मोड बदलावा आणि बोट स्विचवर ठेवावे. उंची अर्ध्या मीटरच्या आत राहिली की प्रत्येक दिशेला छोटा कल देऊन सोडावा; यंत्र एका झटक्यात सरळ व्हावे, झोके घेत बसू नये. उतरल्यावर MOT_THST_HOVER वाचावा. तो ०.३५ ते ०.४५ च्या दरम्यान अपेक्षित आहे, ०.५ च्या वर गेला तर वजन, पंखे किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी हिशेबाबाहेर आहे, आणि झोतात सावरण्यासाठी उरणारी ताकद आपण धरली तेवढी नाही.

तिसरा टप्पा: Loiter, दोन मिनिटे

तीन मीटरवर मोड बदलून स्टिक मध्यावर सोडावी, आणि वीस-वीस सेकंदांनी नव्वद अंश वळवत चारही दिशा पाहाव्यात. यंत्र वाढत्या वर्तुळात फिरू लागले तर दोष जवळपास नेहमी कंपासचा असतो. Loiter मध्ये त्याच्याशी झगडू नये, AltHold वर येऊन उतरावे. स्थिर हॉवरमध्ये कल सतत १० अंशांपेक्षा जास्त राहत असेल, तर मापक जमिनीवर काहीही दाखवो, त्या उंचीवरचा वारा या चाचणीसाठी जास्त आहे.

खर्चाची बेरीज १५०० एमएएच झाली, तीन टप्प्यांचे मिळून सहा मिनिटे हवेत झाली, किंवा हॉवरमध्ये व्होल्टेज २२.८ च्या खाली आला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा दिवसाची चाचणी संपते, टप्पा अर्धवट असला तरी. पॅक थंड झाल्यावर पूर्ण भरावा आणि चार्जरने भरलेले एमएएच वहीतल्या बेरजेशी ताडून पाहावेत. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर BATT_AMP_PERVLT त्या प्रमाणात दुरुस्त करून पुढच्या उड्डाणातही १५०० चीच मर्यादा ठेवावी. पॅक दोन दिवसांत वापरायचा नसेल तर पूर्ण न भरता प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवून साठवावा आणि पडताळणी पुढच्या चार्जिंगच्या वेळी करावी.