शाळेचा ४५ दिवसांचा सेतू आराखडा (इयत्ता १ली ते ७वी)

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. पलूस, जि. सांगली
शाळा व्यवस्थापन समितीच्या ११ डिसेंबर २०२१ च्या सभेपुढे मुख्याध्यापकांनी मांडलेला
कालावधी : सोमवार १३ डिसेंबर २०२१ ते शनिवार ५ फेब्रुवारी २०२२

अध्यक्ष, सदस्य आणि पालकहो,

मार्च २०२० च्या मध्यात शाळेला कुलूप लागलं. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ते १ डिसेंबरला निघालं, म्हणजे साडेवीस महिन्यांनी. पाचवी ते सातवीची मुलं मधे जानेवारी २०२१ च्या अखेरीस थोडे दिवस आली, पुन्हा घरी बसली आणि ४ ऑक्टोबरपासून येऊ लागली. आज दुसरीत बसलेलं मूल पहिलीच्या वर्गात एकही दिवस बसलेलं नाही. चौथीतल्या मुलीनं शाळेत पाहिलेली शेवटची इयत्ता दुसरी, तीही अपुरी. त्यांचा पट पुढे सरकला, मुलं होती तिथंच राहिली. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुरातही किती दिवस गेले ते आपल्याला सांगायला नको.

सेतू हा शब्द तुम्हाला नवा नाही. राज्याचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा झाला. कृतिपत्रिका चांगल्या होत्या, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या मोबाइलवर आल्या आणि मोबाइल बापाबरोबर रानात गेला. २२ जुलैनंतर कृष्णेचं पाणी वाढत गेलं, निम्मी आळी पाहुण्यांकडे आणि निवाऱ्यात हलली. चाचणी झाल्याची नोंद आमच्याकडे आहे, पण त्या चाचणीवर माझा स्वतःचा भरवसा नाही. बऱ्याच उत्तरपत्रिकांत अक्षर थोरल्या भावंडाचं होतं. म्हणून तेच काम आता समोरासमोर, पाटी-खडू घेऊन पुन्हा करायचं आहे.

चाचणीत काय दिसलं

२ ते ८ डिसेंबर या काळात दुसरी ते सातवीच्या ९१ मुलांना एकेकटं समोर बसवून वाचायला दिलं. पट ९६ आहे, पाच जण आले नाहीत. कागद एकच : अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दहा ओळींची गोष्ट.

अक्षरही ओळखत नाहीत : ९
अक्षर ओळखतात, शब्द जमत नाही : १७
शब्द वाचतात, परिच्छेदात अडखळतात : २४
परिच्छेद वाचतात, गोष्टीत अडखळतात : २२
गोष्ट वाचून सांगतात : १९

शब्दापर्यंतच पोचलेल्या २४ जणांत चौघे पाचवीतले आहेत आणि एक मुलगी सहावीतली. ही मुलं मंद नाहीत. सहावीच्या त्या मुलीला पुस्तकातला पहिला धडा तोंडपाठ आहे. पान उलटं धरलं तरी ती तो म्हणून दाखवेल. धड्यातलाच एक जोडाक्षरी शब्द फळ्यावर सुटा लिहिला, तर मात्र ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

गणिताचं दुखणं निराळं आहे. पाचवीचा एक मुलगा बापाबरोबर आठवडी बाजारात भाजीच्या पालावर बसतो. पन्नासाची नोट दिली तर सुटे मोजून परत देतो, चुकत नाही. त्याच मुलानं पाटीवर ५२ वजा २७ केले आणि उत्तर लिहिलं ३५. 'दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले,' म्हणाला. पाचवीच्या १५ जणांत हातच्याची वजाबाकी पाच जणांनाच आली. बाकीच्या बहुतेकांनी याच मुलासारखी लहान आकडा मोठ्यातून काढून सुटका करून घेतली. ही सगळ्यांची एकच चूक आहे, त्यामुळे ती एकाच वाटेनं सुधारता येईल.

मुख्य निर्णय

रोजचा पहिला पावणेदोन तास इयत्ता विसरायची. मूल वाचनात जिथं आहे त्या गटात बसेल, मग ते तिसरीचं असो की सहावीचं. पाठ्यपुस्तक त्या वेळात दप्तरातच राहील. 'अभ्यासक्रम मागे पडेल' असं दोन पालकांनी आणि आमच्यातल्याच एका गुरुजींनी म्हटलं. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापुढे सातवीचा इतिहास उघडून अभ्यासक्रम पुढे जातो तो फक्त आमच्या टाचणवहीत, असं माझं मत आहे. समितीला हे पटत नसेल तर आजच बोलावं, जानेवारीत नको.

गटांना 'कच्चा', 'पक्का' म्हणायचं नाही. मुलांनीच नावं सुचवली : शाळू (अक्षर आणि त्याआधीची, २६), हळद (शब्द, २४), द्राक्ष (परिच्छेद, २२) आणि ऊस (गोष्ट, १९). भावाप्रमाणे क्रम लावला असता तर ऊस सगळ्यात वर आला नसता, असं एका पालकांनी ऐकवलं. नावं तशीच ठेवू.

मोठ्या मुलांना धाकट्यांबरोबर शाळू गटात बसायला लाज वाटेल, हा खरा धोका आहे. पाचवीच्या पुढची शाळूत तिघंच आहेत. ती वेगळी, ऑफिसच्या खोलीत, माझ्याकडे बसतील.

रोजचं वेळापत्रक

१०.०० ते १०.१५ हजेरी, हात धुणं
१०.१५ ते ११.१५ वाचन-लेखन, गटाप्रमाणे
११.१५ ते १२.०० गणित, गटाप्रमाणे (वाचनात हळद असलेलं मूल गणितात ऊस असू शकतं)
१२.०० ते १२.१५ पाणी
१२.१५ ते १.४५ आपापल्या इयत्तेत, पाठ्यपुस्तक

शनिवारी शाळा सकाळची, ८ ते ११. त्या दिवशी नवीन काही नाही, फक्त गोष्ट आणि खेळ. खिचडी अजून सुरू नाही, कोरडा शिधाच मिळतो. त्यामुळे मुलं घरून खाऊन येतील याकडे आईनं बघावं. बारा वाजता भुकेलं मूल वजाबाकी करत नाही.

वाचन कसं घेणार

शाळू गटाला क-ख-ग या क्रमानं शिकवायचं नाही. पहिल्या आठवड्यात र, म, न आणि काना एवढंच. एवढ्यातून राम, रान, मान, मामा, नाना हे शब्द होतात आणि दुसऱ्याच दिवशी मूल काहीतरी वाचून घरी जातं. मग एकेक अक्षर आणि एकेक मात्रा वाढवत न्यायची. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी त्याच्या आईचं नाव मोठ्या अक्षरात कार्डावर मिळेल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू त्यासाठी चालतील, घरात पडलेल्या असतील तेवढ्या पाठवा.

हळद गटाचा घोटाळा जोडाक्षरांत आहे. कृष्णा हे नाव रोज तोंडात असून लिहिताना नऊ जणांनी 'क्रुशना' लिहिलं. गावातल्या पाट्या, दुकानांची नावं, एसटीचे बोर्ड, खताच्या पिशव्या हीच त्यांची पुस्तकं. रोज दहा मिनिटं श्रुतलेखन, पण लाल पेनाशिवाय. चुकलेला शब्द मुलानंच फळ्यावर बघून दुरुस्त करायचा.

द्राक्ष आणि ऊस गटांनी घरातल्या थोरांकडून एक माहिती विचारून आणून लिहायची : २०१९ चा पूर कुठवर आला होता, आजीच्या लग्नात काय जेवण होतं, घाण्यावर गूळ कसा व्हायचा. आठवड्याला एक पान. उरलेल्या वेळात शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं.

गणित

वजाबाकीसाठी तुराट्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले आहेत. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या काढायच्या आहेत, हातात दोनच आहेत, तेव्हा एक गठ्ठा सोडायचा. मुलानं रबर स्वतः काढायचं. आता सुट्या बारा. त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन उरले. उत्तर २५. हे तीन दिवस नुसतं हातानं, चौथ्या दिवशी पाटीवर. त्या बाजारवाल्या मुलाला आम्ही पालावरची उधारी मांडायला लावणार आहोत, कारण नोट मोडणं आणि दशक मोडणं एकच, हे तो इतरांना आमच्यापेक्षा लवकर समजावेल.

पाढे, गुणाकार, भागाकार गटानुसार. अपूर्णांक फक्त ऊस गटाला. इंग्रजीला सध्या रोजची बोली वाक्यं पुरेत.

पहिलीचा वर्ग

१६ मुलं. यांची अंगणवाडीही बुडाली आहे. पहिले तीन आठवडे यांना लिहायला लावणार नाही. माती, बिया, गाणी, रेघा, गोष्ट, रांगेत उभं राहणं, लघवीला जायचं तर सांगणं. 'अजून एबीसीडी का नाही' असं कृपया विचारू नये. पहिलीच्या बाई पूर्ण वेळ याच वर्गावर राहतील.

शिक्षक

मला धरून पाच. एक गुरुजी आठवड्यातून दोन दिवस लसीकरणाच्या सर्वेक्षणाला जातात, त्यावर आपला इलाज नाही. त्या दिवशी द्राक्ष गट गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीनं सांभाळायचं कबूल केलं आहे. मोबदला ती मागत नाही. पण समितीनं जाण्यायेण्याचं तरी बघावं, असं मला वाटतं.

तोडीची मुलं

गाळप सुरू आहे. मळ्यालगतच्या कोप्यांवर टोळ्यांबरोबर आलेली सात मुलं दिसतात, आमच्या पटावर ती नाहीत. त्यांना सोमवारपासून बोलवायचं. दाखल्यासाठी कुणाला अडवायचं नाही. पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळायला थोरलीला थांबावं लागतं, म्हणून धाकट्यालाही घेऊन यायची मुभा राहील. टोळी हलली तर त्या मुलाचा गट आणि कुठवर आलं ते एका कार्डावर लिहून पालकाकडे देऊ, म्हणजे पुढची शाळा शून्यापासून सुरू करणार नाही.

चाचण्या

मधली ८ जानेवारीला, शेवटची ७ व ८ फेब्रुवारीला, पहिल्या वेळचाच नमुना पण वेगळा मजकूर. गट दर पंधरा दिवसांनी बदलतील. मधल्या चाचणीपर्यंत शाळू गटातली निम्मी मुलं हळदीत गेली नाहीत, तर चूक मुलांची नसेल, पद्धतीची असेल, आणि आम्ही पद्धत बदलू. निकाल इयत्तावार फळ्यावर लावणार नाही. पालकाला त्याच्या मुलाचाच दाखवू.

पुन्हा शाळा बंद झाली तर

विषाणूच्या नव्या प्रकाराच्या बातम्या येत आहेत. तशी वेळ आलीच तर मोबाइलवर विसंबायचं नाही. आळीवार पाच ठिकाणं ठरवली आहेत : मारुतीचं देऊळ, समाजमंदिर, दूध डेअरीची पडवी, पिंपळाचा पार आणि मळ्यातलं एक गोठ्याचं शेड. नियमांनी परवानगी दिली तर दहा-दहा मुलांत, नाहीतर शिक्षक घरी जाऊन कार्ड बदलून देतील. चाव्या कुणाकडे आहेत ते आजच लिहून घेतो.

खर्च

पाट्या ४० नग : १४०० रुपये
खडू, स्केचपेन, पुठ्ठा : ६०० रुपये
रबर, कार्डांच्या पिशव्या : १५० रुपये
झेरॉक्स : ७५० रुपये
एकूण : २९०० रुपये, शाळेच्या संयुक्त अनुदानातून.

समितीकडून आज तीन गोष्टींची मंजुरी हवी : गटवार वर्ग, हा खर्च आणि तोडीच्या मुलांना बसू देणं. शिवाय समितीतल्या दोन महिला सदस्यांनी दर बुधवारी सकाळी १०.१५ ला येऊन कुठल्याही एका मुलाकडून वाचून घ्यावं. कुठलं मूल ते आम्ही निवडणार नाही. पहिली फेरी १५ डिसेंबरला.