खरेदीचं बिल कुठे आहे?

नमस्कार. दिवाळीची गर्दी नुकतीच ओसरली आहे, आणि तरीही कुणी मुलाला, कुणी कामगाराला गल्ल्यावर बसवून तुम्ही आला आहात. त्यामुळे कायद्याची पोपटपंची करत नाही. नोव्हेंबर २०२५ चालू आहे, ३० तारीख जवळ आली आहे, म्हणून हा विषय आजच बोलणं गरजेचं आहे.

विक्रीचं बिल आपण सगळे जपतो, कारण त्याच्याशी पैसे जोडलेले दिसतात. खरेदीचं बिल मात्र माल उतरवून घेतला, नग मोजले, की खिळ्याला अडकवलं जातं. नाहीतर पोत्यावर, नाहीतर हमालाच्याच खिशात. नोटीस आली की माझ्याकडे विक्रीची वही घेऊन लोक येतात. मी विचारते, खरेदीचं बिल कुठे आहे? तिथे बोलणं थांबतं.

एक हिशोब बघा. इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एक लाखाची वायर घेतली, त्यावर १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये जीएसटी तुम्ही होलसेलरला दिला. तीच वायर १,२०,००० ला विकली, गिऱ्हाइकाकडून २१,६०० कर घेतला. सरकारला भरायचे फक्त ३,६०० रुपये, कारण १८,००० चं क्रेडिट तुमच्या हातात आहे. आता ते क्रेडिट नामंजूर झालं तर? व्यवहारात तुम्हाला सुटत होते २०,०००. त्यातले १८,००० गेले. राहिले दोन हजार, आणि त्यातून भाडं, लाइट, पगार. वर १८ टक्क्यांनी व्याज आणि दंड वेगळा. धंदा तोच, मेहनत तीच, एका कागदासाठी नफा गेला.

कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे: क्रेडिट मागणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. अधिकाऱ्याने तुम्हाला खोटं ठरवायचं नसतं, तुम्ही खरं ठरवायचं असतं. आणि क्रेडिटची पहिली अट म्हणजे टॅक्स इनव्हॉइस तुमच्याकडे हवं. एस्टिमेट नाही, चिठ्ठी नाही, डिलिव्हरी चलन नाही.

बरेच जण म्हणतात, “मॅडम, हल्ली सगळं पोर्टलवर दिसतं की, कागद कशाला?” दिसतं, हे खरं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतो, पुरवठादाराने भरलेली तुमची बिलं त्यात येतात, आणि त्यात नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. पण तिथे जे आलंच नाही, ते आलं नाही हे तुम्हाला कळणार कसं? हातात बिल असेल तरच.

माझ्याकडच्या एका हार्डवेअरवाल्यांचं सांगते, नाव सांगणार नाही. रंगाच्या डब्यांची मोठी खरेदी होती. २बी मध्ये ती दिसेना. त्यांनी फाइल उघडली, बिल काढलं. बिलावर त्यांचा २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर अगदी बरोबर छापलेला होता. पुरवठादाराच्या ऑफिसात मात्र ती विक्री बिनानोंदणीच्या गिऱ्हाइकाची म्हणून भरली गेली होती. बिलाचा फोटो पाठवला, तारीख आणि नंबर सांगितला, त्यांनी पुढच्या विवरणात दुरुस्ती केली, क्रेडिट आलं. बिल नसतं तर नुसतं “आम्ही तुमच्याकडून माल घेतला होता” एवढंच फोनवर म्हणत बसले असते.

अशा दुरुस्तीला मुदत आहे. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट येत्या ३० नोव्हेंबरनंतर मिळत नाही. वार्षिक विवरण त्याआधी भरलंत तर मुदत तिथेच संपली. या महिन्यात फाइल आणि २बी शेजारी ठेवून एकदा ओळ न् ओळ ताडून बघाच.

यंदा आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबरला दर बदलले. सिमेंट, एसी २८ वरून १८ वर आले. तुमच्या गोदामात आधी २८ टक्क्यांनी घेतलेला माल असेल, तर विक्री आता १८ ने होईल, पण क्रेडिट तुम्ही भरलेल्या २८ चंच आहे. पुढे कुणी विचारलं की खरेदीवर इतका कर आणि विक्रीवर इतका कमी कसा, तर उत्तर त्या जुन्या बिलावरच्या तारखेत आहे.

“बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल” हे तुम्ही रोज ऐकता. मी कळकळीने सांगते, घेऊ नका. तो माल पक्क्या बिलाने विकला तर क्रेडिट नाही, पूर्ण कर खिशातून. कच्च्यात विकला तर वहीत नसलेला माल दुकानात सापडल्यावर त्याचा कर तुमच्याकडूनच वसूल होतो, माल जप्तही होऊ शकतो.

पुरवठादारच बोगस निघाला तर? तेव्हा बिलासोबत ट्रान्सपोर्टची पावती आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद लागते, माल खरोखर आला हे दाखवायला. एवढं असूनही निकाल तुमच्या बाजूने लागेलच अशी हमी मी देणार नाही. पण हे नसेल तर आम्हाला तुमची बाजूच मांडता येत नाही. पैसे दिल्याचा पुरावा आणखी एका कारणासाठी: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं.

इन्कम टॅक्सला हेच बिल दुसऱ्या बाजूने कामाला येतं. खरेदी सिद्ध झाली नाही तर ती खर्चातून वगळली जाते आणि न झालेल्या नफ्यावर कर लागतो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलीत, तर बिल असूनही तो खर्च धरत नाहीत; तिथे चेक किंवा यूपीआय वापरा. कंपोझिशनवाले म्हणतील, आम्हाला क्रेडिटच नाही. नसू दे, दुकानातला माल कुठून आला हे तुम्हालाही विचारलं जातं.

ठेवायचं कसं? महिन्याला एक फाइल, तारखेप्रमाणे लावलेली, पुरेशी आहे. माल घेतानाच बिलावर आपलं नाव, जीएसटी नंबर, तारीख बघा. चूक असेल तर टेम्पो जाण्याआधी फोन करा. काउंटरवरच्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची शाई काही महिन्यांत उडते, त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ फोन बिघडला की गेली, म्हणून ती कॉम्प्युटरवर उतरवा. दुकानाचा प्रिंटर, वजनकाटा, इंटरनेट यांची बिलंही दुकानाच्या नावाने, नंबर घालून घ्या. हे क्रेडिट बहुतेक जण सोडूनच देतात.

आणि किती वर्षं? वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२४-२५ ची बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. प्रकरण चालू असेल तर ते निकाली निघाल्यावर आणखी किमान एक वर्ष. तोवर रद्दीवाल्याला फाइल देऊ नका.

ज्यांनी बिलं सोबत आणली आहेत त्यांनी पुढच्या टेबलापाशी या. लॅपटॉप चालू आहे, तुमचा २बी उघडून लगेच ताडून बघू. बाकीच्यांनी प्रश्न विचारा.